महिनावार पोलर एरिया चार्ट कसा वाचायचा, आणि मोठे महिने त्यात का फुगतात

पोलर एरिया चार्टमध्ये वर्षाचे बारा महिने एका वर्तुळात बारा पाकळ्यांसारखे मांडलेले असतात. प्रत्येक पाकळीचा कोन सारखाच, ३० अंशांचा. फरक असतो तो पाकळी केंद्रापासून किती लांब गेली आहे याचा. हा आलेख वाचताना बहुतेक जण सगळ्यात मोठ्या पाकळीकडे पाहतात, शेजारच्या लहान पाकळीशी तिची नजरेने तुलना करतात आणि ‘हा महिना त्याच्या आठ-दहा पट दिसतोय’ असं सांगून मोकळे होतात. मूळ आकडे काढून पाहिले तर तो महिना तिप्पटच निघतो.

चूक कधी वाचणाऱ्याची असते, कधी काढणाऱ्याची, आणि पुष्कळदा दोघांची मिळून. खालचा क्रम दोघांसाठी आहे. तो मोडू नका. पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तुलनेला हात घातला की पुढचं सगळं वाचन चुकतं.

उदाहरण म्हणून या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध आलेख घेऊ. क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैन्यात झालेल्या मृत्यूंचा हा आलेख फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली छापला. त्याचे महिनावार आकडे उपलब्ध आहेत, त्यामुळे नजर काय सांगते आणि आकडे काय सांगतात हे शेजारी ठेवून तपासता येतं.

## तयारी

एक पट्टी, एक कॅल्क्युलेटर आणि आलेखाची स्वच्छ प्रत एवढं पुरतं. आलेख स्क्रीनवर असेल तर तो मोठा करून पट्टी स्क्रीनलाच लावा, किंवा चित्र उघडून पिक्सेल मोजा. एकक कुठलंही चालेल, कारण आपल्याला गुणोत्तरंच काढायची आहेत.

मूळ आकडे मिळत असतील तर तेही समोर ठेवा. नाइटिंगेल यांच्या आलेखातले रोगांनी झालेल्या मृत्यूंचे दर असे आहेत. दर हजार सैनिकांमागे आणि वार्षिक हिशेबाने:

| महिना | दर |
|---|---|
| एप्रिल १८५४ | १.४ |
| मे | ६.२ |
| जून | ४.७ |
| जुलै | १५०.० |
| ऑगस्ट | ३२८.५ |
| सप्टेंबर | ३१२.२ |
| ऑक्टोबर | १९७.० |
| नोव्हेंबर | ३४०.६ |
| डिसेंबर | ६३१.५ |
| जानेवारी १८५५ | १०२२.८ |
| फेब्रुवारी | ८२२.८ |
| मार्च | ४८०.३ |

यातले नोव्हेंबर आणि जानेवारी लक्षात ठेवा. जानेवारीचा आकडा नोव्हेंबरच्या जवळजवळ बरोबर तिप्पट आहे. तपासणीला यापेक्षा सोयीची जोडी मिळणार नाही.

## पायरी १ : आकडा नेमका कशाचा आहे ते ठरवा

पाकळीला पट्टी लावण्याआधी ती काय दाखवते ते वाचा. एकूण संख्या, दर, की सरासरी? इथे गफलत झाली तर पुढची मोजणी कितीही अचूक असली तरी अर्थ चुकणार.

जानेवारी १८५५ चंच घ्या. त्या महिन्यात रोगांनी २,७६१ सैनिक दगावले आणि सैन्याची सरासरी संख्या होती ३२,३९३. २,७६१ ला ३२,३९३ ने भागायचं, १,००० ने गुणायचं, मग १२ ने गुणायचं. उत्तर येतं १०२२.८. हजारामागे हजारापेक्षा जास्त! हे पाहून काही जणांना आकडा चुकीचा छापलाय असं वाटतं आणि काही जण अख्खं सैन्य मेलं असा अर्थ काढतात. दोन्ही बरोबर नाही. त्या एका महिन्यात सैन्याचा साधारण ८.५ टक्के भाग रोगांनी गेला. हाच वेग वर्षभर टिकला असता आणि नवी भरती होत राहिली असती, तर वर्षात हजार जागांमागे १,०२३ मृत्यू झाले असते, एवढंच तो दर सांगतो.

बाराने गुणण्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक महिना सारख्याच दिवसांचा धरला जातो. जानेवारी ३१ दिवसांचा आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा, तरी दोघांनाही १२ नेच गुणलं आहे. दिवसांप्रमाणे हिशेब केला तर जानेवारीचा दर सुमारे १,००४ वर येतो आणि फेब्रुवारीचा सुमारे ८९४ वर चढतो. छापील आकड्यांत जानेवारी फेब्रुवारीपेक्षा २४ टक्क्यांनी मोठा दिसतो. दिवस धरले तर फरक १२ टक्क्यांचाच उरतो. शिखराच्या शेजारी फेब्रुवारी असेल तेव्हा हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पडताळणी : ‘या पाकळीतला आकडा म्हणजे…’ हे वाक्य एककासकट पूर्ण लिहून पाहा. जमत नसेल तर आलेखाची टीप परत वाचा.

## पायरी २ : मूल्य त्रिज्येत आहे की क्षेत्रफळात, ते शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते तीही हीच.

महिन्याचं मूल्य पाकळीत दोन प्रकारे भरता येतं. पहिल्या प्रकारात पाकळीची लांबी, म्हणजे त्रिज्या, मूल्याच्या प्रमाणात असते: मूल्य तिप्पट तर लांबी तिप्पट. दुसऱ्यात पाकळीचं क्षेत्रफळ मूल्याच्या प्रमाणात असतं: मूल्य तिप्पट तर रंगवलेली जागा तिप्पट. दिसायला दोन्ही आलेख एकाच जातीचे, पण वाचायची रीत अगदी वेगळी.

पाकळी हा वर्तुळाचा तुकडा आहे. ती लांब होते तशी बाहेरच्या टोकाला रुंदही होते. ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या ३० अंशी पाकळीची बाहेरची कड सुमारे २.१ सेंटिमीटर असते. त्रिज्या १२ सेंटिमीटर केली की ती कड सुमारे ६.३ सेंटिमीटर होते. लांबी तिप्पट, रुंदीही तिप्पट, म्हणून रंगवलेली जागा नऊपट. सूत्रात सांगायचं तर ३० अंशाच्या पाकळीसाठी

```
A = (π / 12) × r²
```

इथे `A` म्हणजे क्षेत्रफळ आणि `r` म्हणजे त्रिज्या. मोठे महिने फुगण्याचं सगळं मूळ त्या वर्गात आहे. आलेख काढणाऱ्याने मूल्य त्रिज्येत भरलं, तर कागदावर मूल्याचा वर्ग रंगवला जातो. दुप्पट महिना चौपट दिसतो, तिप्पट नऊपट, पाचपट पंचवीसपट. म्हणजे फुगवटा सगळ्यांना सारखा नसतो. जो महिना जितका मोठा, तितकी त्याची वाढ जास्त, आणि ती लहान महिन्यांच्या जिवावर होते.

आता समोरचा आलेख कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखायचं आहे. त्याच्या दोन रीती आहेत.

वर्तुळांवरून. आलेखावर मोजपट्टीची वर्तुळं काढलेली असतील तर त्यांच्यावरचे आकडे वाचा. समान अंतरावरच्या वर्तुळांवर १००, २००, ३०० असे आकडे असतील तर मूल्य त्रिज्येत आहे. समान अंतरावर १००, ४००, ९०० असतील तर मूल्य क्षेत्रफळात आहे. १००, २००, ३०० हे आकडे आहेत पण वर्तुळं बाहेर जाताना एकमेकांच्या जवळ सरकत आहेत, असं दिसलं तरीही मूल्य क्षेत्रफळातच आहे.

पट्टीवरून. वर्तुळं नसतील तर ज्यांची मूल्यं माहीत आहेत असे दोन महिने निवडा आणि दोन्ही पाकळ्यांची लांबी केंद्रापासून मोजा. नाइटिंगेल यांच्या आलेखावर मोजपट्टी छापलेलीच नाही, म्हणून तिथे ही रीत लागते. समजा नोव्हेंबरची रोगांची पाकळी ४ सेंटिमीटर भरली. जानेवारीची १२ सेंटिमीटर असेल तर मूल्य त्रिज्येत आहे. ती ६.९ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर मूल्य क्षेत्रफळात आहे, कारण ३ चं वर्गमूळ १.७३ आणि ४ गुणिले १.७३ म्हणजे ६.९. नाइटिंगेल यांचा हा आलेख दुसऱ्या प्रकारचा आहे. मूल्य क्षेत्रफळात आहे आणि क्षेत्रफळं केंद्रापासून मोजायची, असं त्यावर लिहिलेलंही आहे.

इशारा : कोणत्याच महिन्याचं मूल्य माहीत नाही आणि वर्तुळंही नाहीत, अशा आलेखावरून फक्त क्रम सांगता येतो: कोणता महिना मोठा, कोणता लहान. ‘किती पट’ हे त्यावरून सांगता येत नाही, आणि सांगू नये.

इशारा : काही आलेखांत मध्यभागी रिकामं भोक ठेवलेलं असतं आणि पाकळ्या त्याच्या कडेपासून सुरू होतात. मग केंद्रापासूनची लांबीही मूल्याच्या प्रमाणात नसते आणि क्षेत्रफळही नसतं. अशा वेळी भोकाच्या कडेपासून मोजा आणि छापील आकड्यांशी ताडून पाहा.

## पायरी ३ : पाकळीचा आकडा करा

प्रकार कळला की नजरेवर विसंबायचं कारण उरत नाही. ज्या महिन्याचं मूल्य माहीत आहे तो आधाराला धरा आणि दुसऱ्या पाकळीच्या लांबीला त्याच्या लांबीने भागा. त्रिज्येच्या आलेखात आलेलं गुणोत्तर हेच उत्तर. क्षेत्रफळाच्या आलेखात त्याचा वर्ग करायचा.

क्षेत्रफळाच्या आलेखात जुलै १८५४ ची पाकळी २.६५ सेंटिमीटर भरली आणि नोव्हेंबरची ४ सेंटिमीटर, असं समजा. २.६५ भागिले ४ म्हणजे ०.६६. त्याचा वर्ग ०.४४. नोव्हेंबरच्या ३४०.६ ला ०.४४ ने गुणलं की सुमारे १५० येतात. कोष्टकात जुलैचा आकडा १५०.० च आहे.

इथे एक चूक नेहमी होते. क्षेत्रफळाचा आलेख बरोबर काढलेला असतो, पण वाचणारा लांबीकडे पाहतो. मग जुलै नोव्हेंबरच्या दोन-तृतीयांश वाटतो, प्रत्यक्षात तो निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे या प्रकारात लांबी पाहणाऱ्याला मोठे महिने असतात त्यापेक्षा लहान वाटतात. क्षेत्रफळ पाहणाऱ्याचाही नजरेचा अंदाज पुरेसा नसतो. मोठ्या आकृतीचं क्षेत्रफळ लहान आकृतीच्या किती पट आहे याचा अंदाज माणसं साधारणपणे कमीच करतात. आलेख योग्य रीतीने काढलाय म्हणून तो डोळ्यांनी वाचता येईल, असं समजू नका.

पडताळणी : मोजून काढलेलं एखादं तरी मूल्य छापील आकड्याशी जुळतं का ते पाहा. दोन-चार टक्क्यांचा फरक पट्टीचा असतो. त्याहून मोठा असेल तर पायरी २ मध्ये प्रकार ओळखताना चूक झाली आहे.

## पायरी ४ : फुगवटा किती आहे ते मोजा

समोरचा आलेख त्रिज्येचा निघाला तर त्याने वाचणाऱ्याची किती दिशाभूल केली असेल ते आकड्यात काढा. ‘थोडं अतिशयोक्त आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

रीत सोपी आहे. आधी सगळ्या महिन्यांच्या मूल्यांची बेरीज करून प्रत्येक महिन्याचा वाटा काढा. मग प्रत्येक मूल्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा आणि पुन्हा वाटा काढा. पहिला वाटा खरा. दुसरा वाटा म्हणजे कागदावर त्या महिन्याला मिळालेली रंगवलेली जागा.

कोष्टकातल्या बारा दरांची बेरीज ४,२९८ आहे. त्यात जानेवारीचा वाटा २३.८ टक्के. वर्ग केल्यावर तोच वाटा ३८.२ टक्के होतो. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीन महिने मिळून खरा वाटा ५७.६ टक्के, रंगवलेल्या जागेत ते ७७.६ टक्के व्यापतात. जुलैचं उलट होतं. खरा वाटा ३.५ टक्के, पण रंगात ०.८ टक्के. जानेवारी जुलैच्या ६.८ पट आहे, आणि त्रिज्येच्या आलेखात तो जवळजवळ ४६ पट जागा घेतो.

लहान महिने तर दिसेनासेच होतात. जानेवारीची पाकळी १२ सेंटिमीटरची काढली तर त्रिज्येच्या आलेखात मे १८५४ ची पाकळी एक मिलिमीटरही भरत नाही. क्षेत्रफळाच्या आलेखात तीच पाकळी ९ मिलिमीटरची होते: लहान, पण आहे हे दिसतं. त्रिज्येचा आलेख पाहून ‘सुरुवातीचे तीन महिने कोणी मेलंच नाही’ असं कोणी म्हणालं तर नवल नाही. पण त्या तीन महिन्यांत रोगांनी २४ जण गेले होते.

वर्षाची बहुतेक मूल्यं थोड्याच महिन्यांत एकवटलेली असतील तिथे हा परिणाम सगळ्यात जास्त बोचतो. कोकणातल्या कुठल्याही ठिकाणच्या महिनावार पावसाचा त्रिज्येचा आलेख काढा. जुलैची पाकळी पान व्यापेल आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस केंद्रापाशी ठिपक्यासारखा राहील, मग शेतातल्या कापलेल्या भाताचं त्याने कितीही नुकसान केलेलं असो. बारा महिने साधारण सारखे असतील तर वर्ग करूनही फार काही बिघडत नाही. महिन्यामहिन्यांत तफावत जितकी मोठी, आलेख तितका खोटा होतो.

## पायरी ५ : रंग एकमेकांवर आहेत की एकापुढे एक, ते पाहा

एकाच पाकळीत दोन-तीन रंग असतील तर सावध व्हा. नाइटिंगेल यांच्या आलेखात रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल आणि इतर कारणांचे काळे आहेत. तिन्ही पाकळ्या केंद्रापासूनच सुरू होतात आणि एकमेकांवर येतात. नोव्हेंबर १८५४ मध्ये निळ्याचं मूल्य ३४०.६, लालचं ११५.८ आणि काळ्याचं ४२.८. तिथे लाल पाकळीच्या आत काळ्याची मर्यादा दाखवणारी एक रेघ ओढलेली आहे. लाल पट्ट्याच्या बाहेर जो निळा भाग दिसतो तेवढाच रोगांचा आकडा नाही. लाल आणि काळ्याच्या खाली झाकलेला निळाही त्यात धरायचा. फक्त दिसणारा निळा मोजला तर ३४०.६ ऐवजी २२४.८ येतील आणि रोगांचा वाटा एक-तृतीयांशाने कमी भरेल.

आजकालच्या बहुतेक आलेखांत मात्र रंग एकापुढे एक रचलेले असतात. त्रिज्येच्या आलेखात ही रचना फार घातक ठरते. नोव्हेंबरच्या जखमा आणि रोग घ्या. खरं गुणोत्तर रोग २.९ पट. जखमा आत आणि रोग बाहेर ठेवले तर रोगांची रंगवलेली जागा १४.५ पट होते. उलट, रोग आत आणि जखमा बाहेर ठेवल्या तर ती जेमतेम १.३ पट राहते. आकडे तेच, नुसता रंगांचा क्रम बदलला. जो रंग बाहेर, तो रुंद जागेत पसरतो. म्हणून त्रिज्येच्या रचलेल्या आलेखात रंगांची तुलना करूच नका. प्रत्येक रंगाची आतली आणि बाहेरची त्रिज्या मोजा, वजाबाकी करा आणि आकडे वापरा.

## पायरी ६ : सांधा आणि दिशा तपासा

वर्तुळाला सुरुवात-शेवट नसतो, कालखंडाला असतो. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ या आलेखात मार्चची पाकळी (४८०.३) आणि एप्रिलची पाकळी (१.४) शेजारी येतात. पाहणाऱ्याला वाटतं की मार्चनंतर मृत्यू एकदम थांबले. तो एप्रिल आदल्या वर्षाचा आहे. मार्चनंतर खरंच आलेल्या एप्रिल १८५५ चा दर १७७.५ होता आणि तो पुढच्या वर्षाच्या दुसऱ्या आलेखात आहे. अनेक वर्षांची महिनावार सरासरी दाखवणाऱ्या आलेखात हा प्रश्न येत नाही. एकाच विशिष्ट वर्षाचा आलेख असेल तर सांधा कुठे आहे ते पेन्सिलने खूण करून ठेवा.

पहिला महिना कुठे आहे तेही गृहीत धरू नका. नाइटिंगेल यांचा एप्रिल डावीकडे सुरू होतो आणि महिने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. आलेख काढायचं matplotlib हे Python मधलं साधन आपणहून उजवीकडून सुरू करतं आणि काट्यांच्या उलट फिरतं. मोजक्याच महिन्यांची नावं छापली असतील आणि दिशा उलटी धरली, तर जूनच्या शेजारचा जुलै मे म्हणून वाचला जातो.

पडताळणी : दोन आलेख शेजारी असतील तर दोन्हींची मोजपट्टी एकच आहे का? दुसऱ्या वर्षाचा सर्वांत मोठा महिना जून १८५५, दर २४७.६, म्हणजे जानेवारीच्या पाव भागाहूनही कमी. नाइटिंगेल यांनी दोन्ही वर्षं एकाच मापात काढली, म्हणून दुसरं वर्ष लहान दिसतं. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक आलेख आपापल्या सर्वांत मोठ्या मूल्यापर्यंत ताणतं, आणि मग दोन्ही वर्षं सारखीच भयंकर दिसतात.

## पायरी ७ : स्वतः काढताना वर्गमूळ घ्या

आता काढणाऱ्यांसाठी. Chart.js चा `polarArea`, matplotlib मधला ध्रुवीय `bar`, ggplot2 चा `coord_polar` ही साधनं आपण दिलेलं मूल्य सरळ त्रिज्येत भरतात. तुम्ही काही केलं नाही तर वर्गाचा फुगवटा येणारच. त्रिज्या म्हणून मूल्याचं वर्गमूळ द्या, आणि वर्तुळांवर मात्र मूळ मूल्यं लिहा.

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

v = np.array([1.4, 6.2, 4.7, 150.0, 328.5, 312.2,
              197.0, 340.6, 631.5, 1022.8, 822.8, 480.3])
t = np.arange(12) * 2 * np.pi / 12

ax = plt.subplot(projection="polar")
ax.set_theta_zero_location("N")
ax.set_theta_direction(-1)
ax.bar(t, np.sqrt(v), width=2 * np.pi / 12)

rings = [100, 400, 900]
ax.set_yticks(np.sqrt(rings))
ax.set_yticklabels(rings)
plt.show()
```

`set_theta_zero_location("N")` मुळे पहिला महिना वर येतो आणि `set_theta_direction(-1)` मुळे महिने घड्याळाच्या दिशेने फिरतात. १००, ४०० आणि ९०० ही वर्तुळं मुद्दाम निवडली आहेत: त्यांची वर्गमुळं १०, २० आणि ३०, म्हणून ती समान अंतरावर येतात आणि पायरी २ मधली ओळख वाचणाऱ्याला लगेच पटते. वर्तुळांवरचे आकडे बदलायचे राहिले तर आलेखावर ३० च्या आसपासचे आकडे दिसतील आणि जानेवारीत दर हजारी ३२ मृत्यू झाले असं लोक वाचतील. Chart.js मध्ये वर्गमुळं दिली तर पाकळीवर माउस नेल्यावर उमटणारा आकडाही वर्गमूळच असतो. तोही बदलावा लागतो.

इशारा : रंग एकापुढे एक रचायचे असतील तर प्रत्येक मूल्याचं वेगवेगळं वर्गमूळ काढून ती वर्गमुळं एकमेकांवर रचू नका. आधी मूल्यांची बेरीज करा, मग बेरजेचं वर्गमूळ घ्या. नोव्हेंबरच्या जखमा आत असतील तर त्यांची कड ११५.८ च्या वर्गमुळावर, म्हणजे १०.८ वर. रोगांची बाहेरची कड ११५.८ अधिक ३४०.६, म्हणजे ४५६.४ च्या वर्गमुळावर, २१.४ वर. चुकीच्या रीतीने ती २९.२ वर जाते आणि रोग जखमांच्या २.९ पटीऐवजी ६.४ पट जागा घेतात.

आलेख झाला की पट्टी घेऊन पायरी २ ची तपासणी स्वतःच्या आलेखावर करा. नोव्हेंबर आणि जानेवारीच्या लांबीचं गुणोत्तर १.७३ आलं पाहिजे. मग आलेखाखाली एक ओळ लिहा: ‘पाकळीचे क्षेत्रफळ मूल्याच्या प्रमाणात आहे, क्षेत्रफळ केंद्रापासून मोजावे.’ आणि जिथे वाचकाला दोन महिन्यांची तुलना करायचीच आहे तिथे पाकळ्यांच्या शेजारी त्याच आकड्यांचा साधा स्तंभालेख द्या. स्तंभांची रुंदी सारखी असते, त्यामुळे तिप्पट महिना तिथे तिप्पटच उंच दिसतो.